शिशाच्या अणूत ‘तीन आणि एक’चं ‘दोन आणि दोन’ कसं होतं?

मोबाइलच्या ब्राउझरमध्ये physics.nist.gov/asd उघडा. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेचा हा डेटाबेस फुकट आहे. त्यात Levels वर जाऊन आधी C I टाका आणि मग Pb I. पहिला म्हणजे साधा, विद्युतभार नसलेला कार्बन. दुसरं म्हणजे तसंच शिसं. आवर्तसारणीत दोघंही एकाच उभ्या रांगेत आहेत, बाहेरच्या कवचात दोघांकडेही चारच इलेक्ट्रॉन. तरी त्यांचे ऊर्जास्तर शेजारी ठेवले की नक्षी पार वेगळी दिसते.

आपण दोघांची एकच अवस्था घेऊ. बाहेरच्या दोन p इलेक्ट्रॉनांपैकी एक उचलून वरच्या s कक्षेत ठेवला, असं समजा. कार्बनमध्ये ही रचना 2p3s, शिशात 6p7s. दोन्हीकडे बरोबर चार स्तर मिळतात. प्रत्येक स्तराच्या एकूण कोनीय संवेगाचा आकडा म्हणजे J, आणि खालून वर जाताना तो ०, १, २ आणि पुन्हा १ असा येतो. त्यांच्या ऊर्जा अशा आहेत (एकक प्रति सेंटिमीटर, साधारण ८,०६६ म्हणजे एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट):

कार्बन: ६०,३३३ – ६०,३५३ – ६०,३९३ – ६१,९८२
शिसं: ३४,९६० – ३५,२८७ – ४८,१८९ – ४९,४४०

कार्बनमध्ये पहिले तीन एकमेकांना चिकटून बसलेत आणि चौथा लांब आहे. शिशात खाली दोन, वर दोन, आणि मध्ये जवळजवळ तेरा हजारांची दरी. स्तर चारच, J तेच, पण गट बदलले.

असं का होतं? पंगतीला दोन जोडपी आलीत असं समजा. एक पद्धत अशी की दोघे पुरुष एका बाजूला आणि दोघी बायका दुसऱ्या बाजूला बसतात. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक नवरा-बायको शेजारी शेजारी बसतात. अणूतही चार ‘माणसं’ आहेत: दोन इलेक्ट्रॉनांची कक्षेतली फिरत आणि दोघांचे स्पिन. दोन्ही कक्षीय संवेग आधी एकत्र येऊन L बनला, दोन्ही स्पिन मिळून S बनला आणि मग L व S जुळले, तर ते एलएस कपलिंग. प्रत्येक इलेक्ट्रॉनची फिरत आणि त्याचा स्वतःचा स्पिन आधी जुळून j बनला आणि मग दोन j जुळले, तर जेजे कपलिंग.

कोणती पद्धत चालणार हे दोन परिणामांच्या रस्सीखेचीवर ठरतं. एक, इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या ढकलाढकलीतला असा भाग, ज्यामुळे स्पिन समांतर असताना ऊर्जा वेगळी आणि उलट असताना वेगळी येते. याला एक्स्चेंज म्हणतात. दुसरा, स्पिन-ऑर्बिट परिणाम: इलेक्ट्रॉनच्या स्पिनला त्याच्या स्वतःच्याच फिरण्यामुळे जाणवणारं चुंबकीय क्षेत्र.

दुसऱ्याची ताकद मोजायला एक सोपी युक्ती आहे. s इलेक्ट्रॉन पूर्ण काढूनच टाका. उरलेल्या आयनात p इलेक्ट्रॉन एकटा राहतो आणि त्याचे j = 1/2 व j = 3/2 असे दोन स्तर दिसतात. त्यांच्यातलं अंतर कार्बनच्या आयनात ६३ आहे आणि शिशाच्या आयनात १४,०८१. शिशाच्या केंद्रकात ८२ प्रोटॉन असतात. p इलेक्ट्रॉन त्याच्या जवळून जाताना त्याला जबरदस्त विद्युतक्षेत्र लागतं, म्हणून हा फरक. एक्स्चेंज मात्र दोघांतही हजार-दोन हजारांच्या घरातच राहतो. तर कार्बनमध्ये सामना ६३ विरुद्ध साधारण १,६०० असा आहे, आणि शिशात १४,०८१ विरुद्ध हजार-दोन हजार. निकाल आधीच ठरलेला.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. J = 0 आणि J = 2 या स्तरांना आपण एलएसच्या नावाने हाक मारली काय किंवा जेजेच्या, अवस्था तीच असते, कारण या रचनेत त्या J चा दुसरा स्तरच नाही, मिसळायला कुणी नाही. मिसळतात ते फक्त J = 1 चे दोन स्तर. म्हणून J = 0 आणि J = 2 मधलं अंतर नेहमी आयनातल्या अंतराच्या जवळपास राहतं: कार्बनमध्ये ६० (आयनात ६३), शिशात १३,२२९ (आयनात १४,०८१). खरा प्रवास J = 1 वाल्यांचा. त्यातला खालचा J = 0 कडे सरकत जातो, आणि वरचा J = 2 चा शेजारी होतो.

हा प्रवास पकडायला एकच भागाकार पुरतो. J = 1 ते 2 हे अंतर घ्या आणि त्याला J = 0 ते 1 या अंतराने भागा. एलएस शुद्ध असेल तर लांडे यांच्या नियमाप्रमाणे उत्तर २ यायला हवं. कार्बनमध्ये ते २.१ येतं. सिलिकॉनमध्ये २.५, जर्मेनियममध्ये ५.६, कथिलात साधारण १३.६ आणि शिशात ३९! कुठेही बटण दाबल्यासारखा बदल नाही. जर्मेनियम तर मधल्यामध्ये लटकलंय. त्याला दोन्हींपैकी कोणतंही नाव नीट बसत नाही. अशा वेळी ‘इंटरमीडिएट कपलिंग’ म्हणतात आणि दोन J = 1 अवस्थांचं मिश्रण गणिताने काढावं लागतं.

यावरून ‘जड अणू म्हणजे जेजे’ असं पाठ करून टाकाल, तर पारा तुम्हाला तोंडघशी पाडेल. पारा शिशापासून दोनच घरं अलीकडे, अणुक्रमांक ८०. त्याच्या 6s6p रचनेतही J = ०, १, २, १ असेच चार स्तर आहेत: ३७,६४५ – ३९,४१२ – ४४,०४३ – ५४,०६९. भागाकार करून बघा, उत्तर फक्त २.६ येतं. चौथा स्तर अजूनही लांबच आहे. कारण इथे दोन्ही इलेक्ट्रॉन सहाव्याच कवचात, एकमेकांच्या अगदी जवळ आहेत, त्यामुळे एक्स्चेंज प्रचंड मोठा होतो. शिशात s इलेक्ट्रॉन सातव्या कवचात, दूर असतो. म्हणजे वजनाइतकंच अंतरही महत्त्वाचं. उलट बाजूनेही हे खरं आहे: हलक्या कार्बनचा s इलेक्ट्रॉन खूप वरच्या कक्षेत नेला, तर एक्स्चेंज घटत घटत ६३ च्याही खाली जातो आणि हलका कार्बनही ‘दोन आणि दोन’ अशी नक्षी दाखवू लागतो.

पारा एलएसच्या बाजूला असला तरी पूर्ण शुद्ध नाही, आणि याचा पुरावा जुन्या ट्यूबलाइटमध्ये आहे. एलएसच्या नियमाप्रमाणे स्पिन समांतर असलेल्या ³P₁ स्तरावरून ¹S₀ या तळाच्या स्तरावर उडी मारायला बंदी आहे. पण ³P₁ मध्ये दुसऱ्या J = 1 चा थोडा अंश मिसळलेला असतो, आणि तेवढ्या भेसळीवर २५३.७ नॅनोमीटरची अतिनील रेषा जोरात चमकते. नळीच्या आतली पांढरी पावडर तीच रेषा शोषून आपल्याला दिसणारा उजेड देते.