बारा सेटिंगमध्ये कढया किती?

डिशवॉशर घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘घरात माणसं किती?’ दोघंच असाल तर आठ प्लेस सेटिंगचं यंत्र पुढे येतं, एकत्र कुटुंब असेल तर चौदा किंवा सोळाचं. हिशेब सरळ वाटतो, पण आपल्या स्वयंपाकघरात तो फसतो.

प्लेस सेटिंग म्हणजे युरोपातल्या जेवणाच्या टेबलावर एका माणसापुढे मांडलेली भांडी. जुन्या युरोपीय चाचणीत एका सेटिंगमध्ये अकरा वस्तू धरत: मोठी प्लेट, सूपची प्लेट, छोटी प्लेट, कप, बशी, ग्लास आणि पाच चमचे-काटे-सुऱ्या. म्हणजे जवळजवळ निम्मी संख्या चमच्यांचीच. कुकर, कढई, दुधाचं पातेलं यांना या आकड्यात जागाच नव्हती. नव्या चाचणीत थोडी पातेली आली आहेत, पण आपली कढई आणि काठाचं ताट अजूनही हिशेबाबाहेरच आहेत.

आता पुण्यातलं दोघांचं घर घेऊ. दोघंही नोकरीला जाणारी, डबा घरचा. दिवसभरात ताटं चार, वाट्या सात-आठ, कप, ग्लास आणि डब्यांचे पाच-सहा पुडे. एवढं तर आठ सेटिंगमध्येही आरामात बसतं. पण त्याच दिवशी कुकर, त्यातली दोन भांडी, भाजीची कढई, चहाचं पातेलं, दुधाचं पातेलं आणि कणकेची परातही पडते. पाच माणसांचा स्वयंपाक असता तरी भांडी साधारण एवढीच पडली असती, फक्त आकाराने मोठी. दोघांच्या घरी खाणारी माणसं कमी असली तरी रांधायची भांडी कमी होत नाहीत. ओट्यावर ठेवायच्या छोट्या यंत्रात कढई पालथी घातली की खालचा निम्मा रॅक संपतो, आणि उरलेली भांडी पुन्हा सिंकमध्येच जातात.

म्हणून जागा असेल तर दोघांनीही साठ सेंटिमीटर रुंदीचं, बारा सेटिंगचं यंत्र घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. रोज एकदा, किंवा एक दिवसाआड भरून लावायचं. एक दिवसाआड लावणार असाल तर डाळ आणि दूध वाळू नये म्हणून मधल्या रात्री फक्त खळबळण्याचा छोटा प्रोग्रॅम चालवावा. ‘हाफ लोड’ने पाणी निम्मं होत नाही, थोडंच वाचतं. त्यामुळे यंत्र भरेपर्यंत थांबणंच परवडतं. जागाच नसेल तर पंचेचाळीस सेंटिमीटरचं नऊ-दहा सेटिंगचं यंत्र चालतं, मात्र परात हाताने घासायची तयारी हवी.

एकत्र कुटुंबाची अडचण वेगळी. नऊ जणांच्या घरात दोन वेळची अठरा ताटं आणि पस्तीस-चाळीस वाट्या होतात. रॅकच्या दांड्या सपाट चिनी मातीच्या प्लेटसाठी आखलेल्या असतात. उभ्या काठाचं स्टीलचं ताट बऱ्याचदा एक फट सोडूनच बसतं, म्हणजे ताटांची क्षमता निम्म्यावर येते. अशा घरी बारावरून चौदावर जाताना नीट पाहावं. बाहेरून यंत्र अनेकदा तेवढंच असतं, फक्त चमच्यांसाठी वर तिसरा ट्रे येतो. खालची बास्केट निघाल्याने तिथे जागा होते हे खरं, पण त्या ट्रेमुळे मधल्या रॅकची उंची घटते आणि उंच ग्लास अडतात.

या घराचं सगळं एका फेरीत मावेल असं घरगुती यंत्र मिळणार नाही. म्हणून फेऱ्याच आखाव्यात. दुपारच्या जेवणानंतर ताटं, वाट्या, ग्लास साध्या प्रोग्रॅमवर. रात्री कढया, कुकर, पातेली ६५ ते ७० अंशांच्या इंटेन्सिव्ह प्रोग्रॅमवर, आणि रात्रीची ताटं त्यांच्यासोबत जमतील तेवढी. इको प्रोग्रॅमला तीन तास किंवा त्याहून जास्तही लागतात, तेव्हा सकाळच्या डब्यांच्या घाईत तो लावू नये. लोखंडी तवा, पितळ-तांबं, लाकडी पोळपाट आणि अ‍ॅल्युमिनियमचा कुकर यंत्रात घालायचा नाही. अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं.

क्षमतेपेक्षा जास्त कोंबलं की यंत्र ते लगेच दाखवतं. वरच्या रॅकमधल्या वाट्यांना डाळ चिकटलेली राहिली तर खाली आडव्या ठेवलेल्या परातीने पाणी अडवलेलं असतं. साबणाची वडी अर्धी तशीच उरली तर उंच ताटामुळे साबणाच्या कप्प्याचं झाकण उघडलेलं नसतं. दार लावण्याआधी पाणी उडवणारे पंखे हाताने फिरवून पाहावेत. कुठे कढईच्या कानाला अडले, तर ती कढई पुढच्या फेरीत टाकावी.

खरेदीला जाताना सर्वांत मोठ्या ताटाचा व्यास, कुकरची उंची आणि रोजच्या कढईची कानांसकट रुंदी टेपने मोजून कागदावर लिहून न्यावी. शक्य असेल तर घरचं ताट आणि कढईच पिशवीत घालून न्यावी, आणि दुकानातल्या यंत्राचा खालचा रॅक बाहेर ओढून त्यात स्वतः ठेवून पाहावी.