कोरी बाटली, खरं लेबल

मागच्या काही महिन्यांत जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या बऱ्याच गटांनी मालाचे फोटो एआयकडून बनवून घ्यायला सुरुवात केली आहे. फोनमधल्या जेमिनीसारख्या अ‍ॅपला सांगितलं, की मिनिटभरात बाटली तयार. काच चमकते, मागे हिरवी बाग, बाजूला कापलेलं लिंबू. पण लेबल वाचायला गेलं की गंमत होते. आमच्या एका गटात 'लिंबू-आलं सरबत' असं लिहायला सांगितलं, तर चित्रात 'लिबूं-आल सबरत' उमटलं. त्याखालच्या बारीक ओळी तर कुठल्याच भाषेतल्या नव्हत्या. एक काकू चष्मा लावून बघत म्हणाल्या, "हाई काय लिखेल शे वो माय?"

हे असं का होतं? एआय लेबलावर लिहीत नाही, ते अक्षरांचं चित्र काढतं. लाखो चित्रं बघून लेबलावर साधारण कशा आकाराच्या काळ्या रेघा असतात हे त्याला कळलेलं असतं. तशा रेघा ते काढतं, शब्द जुळवत नाही. आपली देवनागरी त्याला आणखी जड जाते, कारण ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी काढायची, अनुस्वार डोक्यावर, जोडाक्षर अर्धं आत शिरलेलं. नवी अ‍ॅप मोठं नाव पुष्कळदा बरोबर काढतात, पण बारीक मजकुरात घसरतात. आणि लेबलावरचा महत्त्वाचा मजकूर तर बारीकच असतो. अन्न परवान्याचा आकडा १४ अंकी असतो. साध्या नोंदणीचा २ ने सुरू होतो, परवान्याचा १ ने. त्यातला एक अंक बदलला की तो नंबर आपला राहत नाही. शाकाहारी खूण म्हणजे हिरव्या चौकोनात भरीव हिरवा गोल. एआय तिथे कधी पान काढतं, कधी नुसता ठिपका. असं चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरसाठी फिरवणं म्हणजे चुकीचा मजकूर आपणच वाटणं.

म्हणून कामाचे दोन भाग करायचे. बाटली एआयकडून घ्यायची, पण कोऱ्या लेबलाची. आणि आपलं खरं लेबल नंतर फोटो दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावर बसवायचं. मग बाटली कशीही आली तरी अक्षरं आपलीच राहतात.

मध्येच एक सांगते. बाटली हातात असेल तर एआयची गरजच नाही. पांढरा कागद लेबलाच्या मापात कापून बाटलीला चिकटवा, खिडकीजवळ ठेवून फोटो काढा. हीसुद्धा कोरी बाटलीच झाली, आणि गिऱ्हाईकाला जी मिळणार तीच दिसते. बाटल्या अजून आल्या नसतील, पण सरस प्रदर्शनाच्या आधी ऑर्डर घ्यायच्या असतील, तेव्हा एआयची बाटली उपयोगी पडते.

आता आपलं उदाहरण घेऊ. बाटली गोल, ७ सेंटीमीटर रुंद. तिच्याभोवती दोरी गुंडाळली तर घेर २२ सेंटीमीटर भरतो. लेबल २० सेंटीमीटर लांब आणि ८ सेंटीमीटर उंच, म्हणजे जवळजवळ पूर्ण गुंडाळणारं.

एआयला काय सांगायचं, ते असं:

"साधी गोल पारदर्शक काचेची बाटली, आत फिकट पिवळसर पातळ द्रव. बाटलीभोवती गुंडाळलेला कोरा, शुभ्र पांढरा, बिनचमकीचा कागद, समोरून दिसणारा भाग रुंदीपेक्षा थोडा जास्त उंच. कॅमेरा कागदाच्या मध्याच्या उंचीवर, अगदी समोर. डावीकडून मऊ उजेड, मागे साधी भिंत."

यात 'सरबत' शब्द मुद्दाम टाळला आहे. मालाचं नाव घेतलं की ते नाव लेबलावर उमटवायचा एआयचा ओढा असतो. म्हणून नावाऐवजी रंग सांगायचा. 'अक्षरं नकोत' म्हणण्यापेक्षा 'कोरा पांढरा कागद' म्हटलेलं चांगलं. नको ते सांगताना त्या गोष्टीचं नाव घ्यावंच लागतं, आणि कधी कधी तीच चित्रात येऊन बसते. कॅमेरा मध्याच्या उंचीवर का? बाटली वरून पाहिली तर कागदाच्या वरच्या-खालच्या कडा होडीसारख्या वाकलेल्या दिसतात, मग लेबलही तसंच वाकवावं लागतं. समोरून पाहिलं तर कडा जवळजवळ सरळ येतात आणि काम निम्मं होतं.

सेंटीमीटर मात्र एआयला कळत नाहीत. चार-पाच चित्रं करून घ्या आणि पडद्यावर पट्टी लावून मोजा. आपल्या बाटलीत समोरून कागद ७ रुंद, ८ उंच दिसायला हवा. त्या प्रमाणाच्या जवळची बाटली निवडा. प्रमाण जमत नसेल तर दुसरी बाटली करून घ्या, पण लेबल ताणू नका. ताणलं की अक्षरं फुगतात आणि चित्र खोटं वाटतं.

लेबल पुन्हा टाइप करायचं नाही, हे लक्षात ठेवा. छापखान्याने ज्या फाइलवरून लेबल छापायचं आहे, तीच त्यांच्याकडून PNG स्वरूपात, ३०० डीपीआयने मागून घ्या. २० सेंटीमीटरचं लेबल तेव्हा साधारण २,३६० ठिपके रुंद असतं, आणि तेवढं पुरतं. पुन्हा टाइप केलं तर दोन अडचणी येतात. छापखान्यात अजून जुने फॉन्ट वापरतात, तो मजकूर उचलून दुसरीकडे टाकला की नुसती चिन्हं दिसतात. शिवाय काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट जुळत नाही. 'लिंबू' मधली वेलांटी 'ल'च्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरांचे पाय मोडून हलंत दिसतात. चित्राच्या रूपातल्या लेबलाला यातलं काहीच होत नाही.

बसवण्यासाठी आम्ही photopea.com वापरतो. फुकट आहे, ब्राउझरमध्येच चालतं, जाहिराती तेवढ्या दिसतात. फोनवर बोटं कमी पडतात, म्हणून गावातल्या आपले सरकार सेवा केंद्राच्या संगणकावर बसलेलं बरं.

आधी लेबलाचा मधला ११ सेंटीमीटरचा भाग कापून वेगळी प्रत करा, कारण गोल बाटलीचा समोरून निम्माच घेर दिसतो. File मधल्या Open ने बाटली उघडा, मग Open & Place ने हे कापलेलं लेबल आणा. ते बाटलीच्या वरच्या थरावर येईल. कोपरे धरून कोऱ्या कागदाच्या कडांना लावा.

आता थोडा गोलाईचा हिशेब. ११ सेंटीमीटर लेबल ७ सेंटीमीटर रुंदीत दिसायचं आहे, पण सगळीकडे सारखं आकसून चालत नाही. आपल्या बाटलीत लेबलाचे मधले ५ सेंटीमीटर जवळजवळ जसेच्या तसे, साधारण साडेचार दिसतात. दोन्ही बाजूंचे तीन-तीन सेंटीमीटर मात्र जेमतेम सव्वा-सव्वात दाबले जातात. घरातल्या डब्याला पट्टीच्या खुणांचा कागद गुंडाळून समोर धरा, लगेच दिसेल. हे सॉफ्टवेअरमध्ये करायला Edit, Transform, Warp असं जा. लेबलावर जाळी येते. तिच्या आतल्या दोन उभ्या रेषा बाहेरच्या कडांकडे ओढा. मधला भाग मोकळा होतो, कडा दाबल्या जातात आणि लेबल गोल वाटायला लागतं. यावरून लेबल आखतानाच एक गोष्ट ठरते. मालाचं नाव मधल्या ५ सेंटीमीटरांत मावलं पाहिजे, नाहीतर खऱ्या बाटलीवरही ते समोरून पूर्ण वाचता येणार नाही.

यानंतर थरांच्या यादीत Normal लिहिलेलं दिसेल, तिथे Multiply निवडा. कोरा कागद शुभ्रच हवा असं म्हटलं ते याचसाठी. Multiply मध्ये वरच्या लेबलाचा पांढरा भाग पारदर्शक होतो आणि खालच्या कागदावरची सावली त्यातून दिसते. उजेड डावीकडून आहे, तर उजवी कड आपोआप गडद होते. अक्षरांच्या आकाराला धक्का लागत नाही. हे केलं नाही तर लेबल पाकिटावरच्या तिकिटासारखं वेगळं दिसतं. कोरा कागद पिवळट आला असेल, तर आपलं पांढरं लेबलही पिवळट होईल. मग बाटली बदला.

शेवटी File, Export as, PNG. हे चित्र तयार झाल्यावर परत एआयला देऊन 'मागची भिंत बदल' किंवा 'आणखी स्पष्ट कर' असं सांगू नका. ते सगळं चित्र नव्याने काढतं, त्यात लेबलही आलं, आणि आपली बरोबर अक्षरं पुन्हा बिघडतात. मागची भिंत बदलायची असेल तर कोऱ्या बाटलीच्या वेळीच बदलून घ्या. आतल्या मालाचा रंगही तेव्हाच बघा. आपलं सरबत गढूळ पिवळं आणि चित्रातलं काचेसारखं नितळ, असं असेल तर पहिलीच बाटली हातात घेऊन गिऱ्हाईक विचारेल.

या पद्धतीलाही एक मर्यादा आहे. एआयचं चित्र हजारेक ठिपके रुंद असेल आणि त्यात बाटली तीनशे ठिपक्यांची असेल, तर २ मिलिमीटरच्या अक्षराच्या वाट्याला आठ-नऊ ठिपके येतात. तेवढ्यात मात्रा, वेलांटी, अनुस्वार काही मावत नाही. त्यामुळे घटक, परवाना क्रमांक, किंमत, वजन हे बाटलीच्या चित्रात वाचता येणार नाही, अक्षरं बरोबर असली तरी. म्हणून दोन चित्रं पाठवायची: एक बाटलीचं, दुसरं संपूर्ण लेबल सपाट पसरलेलं. दोन्ही व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की ते आकसून जातात. बॅच नंबर आणि तारखेची जागा चित्रात रिकामीच ठेवा, ते शिक्के माल भरताना पडतात.

पाठवण्याआधी दोघींनी बसावं. एकीने नोंदणीचा मूळ कागद धरावा, दुसरीने सपाट लेबलाच्या चित्रावरून १४ अंक एकेक करून मोठ्याने वाचावेत. मग घटकांची यादी आणि पत्ता. आमच्या गटात हे काम सातवीत शिकणाऱ्या मुलीकडे आहे, कारण ती लेबल पाठ नसल्यामुळे प्रत्येक अक्षर खरोखर वाचते.