एका ग्राहकाची आजची किंमत

दुकानदारांना हिशेबाचे सॉफ्टवेअर मासिक वर्गणीवर देणारी एखादी कंपनी ग्राहक मिळवताना जाहिरातीवर आणि विक्रेत्यांच्या पगारावर आधीच पैसे घालते. वर्गणी मात्र महिन्याकाठी थोडी थोडी येते आणि ग्राहक कधी सोडून जाईल याचा नेम नसतो. पुढे येणाऱ्या या रकमांची आजची किंमत काढून तीतून ग्राहक मिळवण्याचा खर्च वजा केला, की ग्राहकाचे आजीवन मूल्य हाती येते.

समजा, वर्गणी महिन्याला १,००० रुपये आहे. सर्व्हर आणि ग्राहकसेवा यांवर २०० रुपये जातात, म्हणून हिशेबात ८०० रुपयेच धरायचे. पूर्ण वर्गणी धरली की आकडा फुगतो. दरमहा ३ टक्के ग्राहक गळतात. शिवाय महिन्याभराने मिळणारे १०१ रुपये आजच्या १०० रुपयांइतकेच मोलाचे, म्हणजे वटावाचा दर महिना १ टक्का. गळती आणि वटाव हे दोन्ही दर कायम राहतील आणि पैसे महिनाअखेरीस येतील असे मानले, तर सगळ्या महिन्यांची बेरीज एका भागाकारावर येते: ८०० ला ४ टक्क्यांनी, म्हणजे ०.०४ ने भागायचे. उत्तर येते २०,००० रुपये. ग्राहक मिळवायला १२,००० रुपये लागले असतील, तर निव्वळ मूल्य ८,००० रुपये.

हे १२,००० रुपये वसूल कधी होतात? महिना ८०० रुपयांनी १५ महिन्यांत, असे झटकन सांगितले जाते. पण तोवर १०० पैकी जेमतेम ६३ ग्राहक उरलेले असतात. गळती आणि वटाव दोन्ही धरले, तर वसुलीला सुमारे २३ महिने लागतात. तेवढा काळ तग धरण्याइतकी रोकड कंपनीकडे असावी लागते; नफ्याचे ग्राहक असूनही पैसा संपतो तो इथेच.

सगळ्यात नाजूक आकडा गळतीचा. ती ३ वरून ६ टक्क्यांवर गेली, तर ८०० ला ०.०७ ने भागावे लागते. आजची किंमत सुमारे ११,४३० रुपयांवर उतरते आणि प्रत्येक नवा ग्राहक ५७० रुपयांचा तोटा घेऊन येतो. कंपनीची एकूण सरासरी हे बऱ्याचदा झाकून ठेवते, कारण जुने, मुरलेले ग्राहक सहसा हलत नाहीत आणि नव्यांची गळती त्यांच्या गर्दीत दिसेनाशी होते. म्हणून त्या त्या महिन्यात आलेल्या ग्राहकांची वेगळी नोंद ठेवणे भाग आहे. जानेवारीत आलेल्या १०० जणांपैकी सहा महिन्यांनी ८३ जण टिकले असतील, तर ३ टक्क्यांचा अंदाज खरा ठरला. ६९ जणच उरले असतील, तर गळती ६ टक्क्यांची आहे, मग एकूण सरासरी काहीही दाखवो.