इंजिन अर्धा वेळ बंद, मग ऑइल दुप्पट टिकेल का?

हायब्रिड गाडी घेतलेल्या माणसाचा पहिल्या सर्व्हिसिंगच्या वेळचा हिशेब ठरलेला असतो. शहरात अर्धा वेळ गाडी बॅटरीवरच पळते, इंजिन बंदच असतं, मग ऑइल बदलायची एवढी घाई कशाला? हिशेब ऐकायला चोख आहे, पण त्यात तापमान धरलेलं नाही.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे बाहेर पडते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरते. इंजिन थंड असेल तर तिच्याबरोबर न जळलेलं पेट्रोलही उतरतं. साध्या पेट्रोल गाडीत इंजिन सलग चालतं, ऑइल शंभर अंशांच्या आसपास तापतं आणि हा सगळा ओलावा उडून जातो. हायब्रिडमध्ये नेमकं हेच अवघड होऊन बसतं.

समजा, इनोव्हा हायक्रॉस रोज सकाळी कोथरूडहून शिवाजीनगरला जाते. सुरुवातीला इंजिन स्वतःला आणि सायलेन्सरमधल्या कॅटॅलिस्टला गरम करायला थोडा वेळ चालतं. मग सिग्नल आला, बंद. चढ आला, चालू. उतार लागला, पुन्हा बंद. कूलंट लवकर तापतं, ऑइलला मात्र बराच जास्त वेळ लागतो, आणि ते पुरतं तापायच्या आत ऑफिस येतं. असे महिने गेले की ऑइल भरायच्या झाकणाच्या आत पिवळसर, लोण्यासारखा थर दिसू लागतो. डिपस्टिकवर पातळी कमी होण्याऐवजी वर सरकली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑइलमध्ये पेट्रोल मिसळतंय. म्हणून सर्व्हिस पुस्तकात किलोमीटरच्या जोडीला महिने लिहिलेले असतात. जे आधी पूर्ण होईल ते पाळायचं; हायब्रिडवाल्याने तर महिन्यांकडेच जास्त बघावं. आठवड्यातून एकदा हायवेवर अर्धा-पाऊण तास गाडी पळवली तर बराचसा ओलावा निघून जातो. थर फक्त झाकणाला असेल तर घाबरायचं कारण नाही. तो डिपस्टिकवरही असेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केट तपासून घ्यावं.

वारंवार बंद-चालू होण्याने इंजिन झिजत असेल, ही भीती तशी फोल आहे. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये साधा सेल्फ नसतोच. मोठी मोटर इंजिनला मिनिटाला हजारेक फेऱ्यांपर्यंत फिरवते, मगच पेट्रोल सोडलं जातं. तोवर ऑइलचा दाब तयार झालेला असतो. अट एकच, ऑइल थंड असतानाही झटकन वाहायला हवं. म्हणून या गाड्यांना ०डब्ल्यू-१६ सारखं अगदी पातळ ऑइल सांगितलेलं असतं. 'आपल्याकडच्या उन्हात जाड ऑइलच बरं' असं म्हणणारा मेकॅनिक प्रत्येक गावात भेटतो. पण बाहेर नागपूरचे ४५ अंश असोत की महाबळेश्वरचे १५, गरम झालेल्या इंजिनाचं तापमान थर्मोस्टॅट बऱ्याच अंशी सारखंच ठेवतो. जाड ऑइलने मायलेज घटतं आणि थंड इंजिनात ऑइल पोहोचायला उशीर होतो.

कूलंटची गोष्ट अजून वेगळी. बॉनेट उघडलं की कूलंटच्या दोन टाक्या दिसतात. एक इंजिनाची, दुसरी इन्व्हर्टरची. बॅटरीची वीज मोटरजोगी करून देणारा हा इन्व्हर्टर कित्येकशे व्होल्ट हाताळतो आणि चांगलाच तापतो. इंजिनाला नव्वद अंशांच्या आसपासचं कूलंट मानवतं, इन्व्हर्टरला त्याहून बरंच थंड लागतं. म्हणून त्याचा मार्ग वेगळा आणि पंप विजेचा. टोयोटाच्या वेळापत्रकात इंजिनाचं कूलंट पहिल्यांदा १,६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं, इन्व्हर्टरचं २,४०,००० ला. त्यामुळे ही दुसरी टाकी वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही. तिची पातळी उतरली म्हणून कुणी बोअरचं पाणी ओतलं, तर त्यातले क्षार इन्व्हर्टरखालच्या अरुंद वाटांमध्ये साचतात. तिथे कंपनीने सांगितलेलं तयार कूलंटच हवं.

हा छोटा पंप बंद पडला तर काय होतं, हे प्रियसच्या मालकांना विचारावं. २०१२मध्ये टोयोटाने जुन्या प्रियस गाड्या मोठ्या संख्येने परत बोलावल्या, त्यामागच्या कारणांत हा पंपही होता. पंप थांबला की इन्व्हर्टर तापतो, गाडी जोर कमी करते, इशारा लागतो आणि स्कॅनरवर P0A93 हा कोड दिसतो. प्रियसवाल्यांची तपासायची युक्ती साधी आहे. गाडी रेडीमध्ये ठेवून त्या टाकीत टॉर्च मारायचा. कूलंट हलत असेल तर पंप चालू आहे, निपचित असेल तर गाडी गॅरेजला न्यायची. तिथेही हे कूलंट नुसतं ओतून भागत नाही, पंप चालवून नळ्यांतली हवा काढावी लागते. म्हणून हे काम हायब्रिडची सवय असलेल्या हाताकडेच द्यावं. नारिंगी वायरींना तर आपण हातही लावायचा नाही.