ऑडिट रिपोर्ट वाचताना : भूगावचा कारखाना आणि ऑडिटरचा परिच्छेद

वर्ध्याजवळ भूगावचा पोलाद कारखाना आधी लॉइड्स स्टीलचा होता, मग उत्तम व्हॅल्यू स्टील्सचा झाला. 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत एनसीएलटीकडे गेली. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी एसए 701 लागू झालं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या अहवालात ऑडिटरने ‘की ऑडिट मॅटर्स’ लिहायचे, असं ते मानक सांगतं.

उत्तम व्हॅल्यूच्या अहवालात नेमकं काय लिहिलं गेलं, हा आजचा विषय नाही. अशा स्थितीतल्या कंपनीसाठी मुद्दे कसे निवडायचे, ते पाहू.

व्यवस्थापनावर देखरेख ठेवणाऱ्यांशी, म्हणजे एरवी ऑडिट कमिटीशी, झालेल्या चर्चेतूनच यादी सुरू होते. दिवाळखोरीत संचालक मंडळाचे अधिकार गोठतात, म्हणून समोर रिझोल्यूशन प्रोफेशनल असतो. त्या यादीतले जास्त जोखमीचे, व्यवस्थापनाच्या अंदाजावर टेकलेले, ऑडिटमध्ये सर्वाधिक लक्ष मागणारे मुद्दे उरतात.

कंपनी चालू राहील का, हा सगळ्यात मोठा प्रश्न. पण त्याबद्दल मोठी अनिश्चितता असेल, तर तो या यादीत लपवायचा नाही. त्याला स्वतंत्र मथळा असतो, की ऑडिट मॅटर्समध्ये फक्त त्याचा उल्लेख. आणि ऑडिटरने मत द्यायलाच नकार दिला, तर हा विभाग येतच नाही. कारण इतर मुद्दे वाचून वाचकाला आकडे विश्वासार्ह वाटतील, ही भीती रास्त आहे.

मग उरते कारखान्याच्या किमतीतली घट. काल्पनिक उदाहरण घेऊ. पुस्तकी किंमत 600 कोटी. दरवर्षी 64 कोटी कायम मिळत राहतील असं सोयीसाठी धरलं, तर 10 टक्के दराने आजची किंमत 640 कोटी होते. दर 11 टक्के केला की ती सुमारे 582 कोटींवर येते आणि 18 कोटींचा तोटा दाखवावा लागतो. एका टक्क्याने चित्र पालटतं.

‘मालमत्ता मोठी असल्याने आम्ही व्यवस्थापनाचे अंदाज तपासले’ हे वाक्य कुठल्याही कंपनीच्या अहवालात चिकटवता येईल. त्याऐवजी असं लिहावं : ‘कारखान्याची वसूल होऊ शकणारी किंमत डिस्काउंट दराच्या गृहीतकाला संवेदनशील आहे (टीप अमुक). आम्ही तज्ज्ञांकडून दराचा पल्ला स्वतंत्रपणे काढला, मागील वर्षांचे अंदाज प्रत्यक्ष विक्रीशी ताडले आणि दर बदलून गणित पुन्हा केलं.’ त्यापुढे ‘आम्हाला किंमत योग्य वाटली’ हे जोडण्याचा मोह आवरावा. मत अख्ख्या वित्तीय विवरणांवर असतं, एकेका आकड्यावर नाही.

टिपेत ही संवेदनशीलता नसेल, तर ऑडिटरने ती आपल्या परिच्छेदात पहिल्यांदा फोडण्याआधी व्यवस्थापनाला टीप सुधारायला सांगावं.