पांढऱ्या बोटाची रेघ

डिसेंबरात निफाडकडे कडाक्याची थंडी पडते. अशाच एका सकाळी एक आई १९ वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. “डॉक्टर, भांडी विसळायला थंड पाण्यात हात घातला की हिची बोटं मेल्यासारखी पांढरी पडतात,” ती म्हणाली. मुलीने फोनवर काढलेला फोटो पुढे केला आणि अर्धं निदान तिथेच झालं. मधल्या तीन बोटांची टोकं खडूसारखी पांढरी होती. तो पांढरेपणा दुसऱ्या पेराशी संपत होता, जणू कुणी रेघ ओढून ठेवली होती.

ही रेघ फार महत्त्वाची असते. थंडीत हात सगळ्यांचेच गार पडतात, कारण शरीर आतली ऊब राखण्यासाठी कातडीकडचं रक्त कमी करतं. त्यात सगळा पंजा सारखाच फिका होतो, रेघ दिसत नाही. रेनोच्या विकारात बोटाला रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या आवळून जवळजवळ बंद होतात. मॉरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्ये आपल्या प्रबंधात याचं वर्णन केलं. रक्त थांबलं की बोट पांढरं पडतं आणि बधिर होतं. आत अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपत गेला की ते निळसर दिसू लागतं. ऊब मिळून धमन्या सैलावल्या की रक्त एकदम धावतं, बोट लाल होतं, ठणकतं, मुंग्या येतात. तिन्ही रंग प्रत्येकाला दिसतातच असं नाही. सावळ्या हातावर तर पांढरेपणा तळव्याच्या बाजूने आणि नखांखाली पाहावा लागतो. म्हणूनच मी रुग्णांना झटका आला असतानाच फोटो काढायला सांगतो, कारण दवाखान्यात येईपर्यंत बोटं पुन्हा नेहमीसारखी झालेली असतात.

गार हातांची बाकीची कारणं या फोटोवरून वेगळी काढता येतात. काहींचे हात हिवाळाभर निळसर आणि ओलसर राहतात, पण दुखत नाहीत आणि पांढरे पडत नाहीत. थंडीनंतर काही तासांनी बोटांवर खाजऱ्या लालसर गाठी उठल्या, तर ते थंडीचे चट्टे असतात. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटात नस दाबली जात असण्याची शक्यता जास्त. विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुणाचं एखादंच बोट सतत गार असेल, दुखत असेल आणि मनगटाची नाडीही मंद लागत असेल, तर धमनीच बुजत आलेली असू शकते. तिथे थांबून चालत नाही.

मुलीचं चित्र सरळ होतं. त्रास वयाच्या पंधराव्या वर्षापासूनचा, दोन्ही हातांना सारखा, अंगठे वगळून. बोटावर कधी जखम नाही. नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून भिंगातून पाहिलं, तर केशवाहिन्यांचे बारीक आकडे एका रांगेत नीट उभे होते. हा प्राथमिक रेनो. तो त्रास देतो, पण बोटाला इजा करत नाही.

“मलाही होतं तसं, दोन वर्षांपासून,” आई सहज म्हणाली. “आमच्या घरातलंच असेल.”

प्राथमिक रेनो घराण्यात आढळतो हे खरं. पण आईचं वय ४४ होतं, आणि चाळिशीनंतर नव्याने सुरू झालेला रेनो मी कधीच सहज घेत नाही. तिची बोटं सुजरी होती. अंगठी वर्षभरापूर्वी काढून ठेवावी लागली होती. एका टोकावर बारीक, न भरणारी जखम होती आणि जेवणानंतर छातीत जळजळही व्हायची. तिच्या नखाच्या मुळाशी भिंग धरलं, तेव्हा तिथले आकडे फुगून मोठे झालेले दिसले, मध्ये रक्ताचे ठिपके होते, काही जागा तर मोकळ्याच होत्या. रक्ततपासणीतही संशय खरा ठरला. कातडी आणि आतले अवयव घट्ट करणारा स्क्लेरोडर्मा सुरू होत होता. या आजारात रेनो बाकीच्या लक्षणांच्या कित्येक महिने, कधी काही वर्षं आधी येतो.

मुलीला औषध दिलं नाही. कोमट पाणी, हातमोजे आणि मुख्य म्हणजे अंगात स्वेटर. कारण अंग गारठलं की नुसते हात झाकून भागत नाही. बधिर बोटं शेगडीवर किंवा कढत पाण्यात धरू नकोस, भाजलेलं कळायचं नाही, हेही बजावलं. आईला धमन्या सैल करणारं निफेडिपिन कमी मात्रेत सुरू केलं. त्याने डोकं दुखू शकतं, पावलं सुजू शकतात, रक्तदाब उतरू शकतो, म्हणून आठवड्याने परत बोलावलं. फुप्फुसं आणि हृदयाची तपासणीही लगेच करून घेतली.

टोकावरची जखम संक्रांतीपर्यंत भरली. फुप्फुसांची तपासणी मात्र आता तिला ठरावीक काळाने करत राहावी लागते, आणि तिला घेऊन येते ती मुलगीच.