सहा अक्षरांत फाइलची जन्मकुंडली

महापालिकेत नकाशा दाखल करायचा आदला दिवस. जिल्ह्याच्या गावातलं छोटं आर्किटेक्ट ऑफिस. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून कॉलम-बीमचं ड्रॉइंग मेलवर आलं आणि ड्राफ्ट्समनने ते डबल क्लिक केलं. पडद्यावर एकच ओळ उमटली: Drawing file is not valid. त्याने फोन लावला, "साहेब, फाइल करप्ट आलीय." पलीकडून उत्तर आलं, "माझ्याकडे तर व्यवस्थित उघडतेय."

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. घोळ त्या संदेशात आहे. फाइल खरोखर बिघडली असली तरी हा संदेश येतो आणि ती फक्त नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली असली तरी जुनं ऑटोकॅड बरेचदा हेच बोलतं. म्हणून औषधाआधी निदान हवं, आणि त्यासाठी विंडोजचं साधं नोटपॅड पुरतं. फाइलची प्रत नोटपॅडमध्ये उघडायची. सगळा मजकूर अगम्य दिसतो, पण अगदी सुरुवातीची सहा अक्षरं वाचता येतात. AC1032 असेल तर फाइल २०१८च्या स्वरूपातली, AC1027 म्हणजे २०१३च्या, AC1024 म्हणजे २०१०च्या आणि AC1021 म्हणजे २००७च्या. तपासून झाल्यावर नोटपॅड सेव्ह न करता बंद करायचं. तिथे सेव्ह झालं तर चांगली फाइलही कामातून जाते.

ऑटोकॅडचं दरवर्षी नवं व्हर्जन येतं, पण फाइलचं स्वरूप दरवर्षी बदलत नाही. २०१३ ते २०१७ ही पाचही व्हर्जन्स २०१३चंच स्वरूप वापरतात. त्यामुळे २०१३ मध्ये २०१७ची फाइल बिनतक्रार उघडते, पण २०१७ मध्ये २०१८ची उघडत नाही. या ऑफिसात २०१४ होतं आणि आलेल्या फाइलवर AC1032. म्हणजे फाइल ठणठणीत होती.

अशा वेळी सर्वांत सोपा उपाय म्हणजे पाठवणाऱ्याला "लोअर व्हर्जनमध्ये सेव्ह करून पाठवा" असं सांगणं. तो SAVEAS मध्ये २०१३चा पर्याय निवडतो आणि काम होतं. पण रात्री नऊला समोरचा फोन उचलत नसेल, तर ऑटोडेस्कचं DWG TrueView हे मोफत सॉफ्टवेअर उपयोगी पडतं. त्यातल्या DWG Convert मध्ये फाइल निवडून २०१३चं स्वरूप द्यायचं. मात्र 'in-place' असं लिहिलेला पर्याय मूळ फाइलवरच लिहितो, तेव्हा प्रत आधी बाजूला ठेवलेली बरी. रेषा, मापं, लेयर जसेच्या तसे येतात. Civil 3D सारख्या खास सॉफ्टवेअरच्या वस्तू मात्र नुसत्या दिसतात, बदलता येत नाहीत.

खरी परीक्षा पुढे होती. तासाभराने, स्वतःचाच प्लॅन पेन ड्राइव्हवर सेव्ह होत असताना वीज गेली. वीज आल्यावर पुन्हा तोच संदेश! या वेळी नोटपॅडमध्ये AC1027 दिसलं, म्हणजे आवृत्ती आपलीच, बिघाड खरा. (सुरुवातीला अक्षरांऐवजी नुसती रिकामी जागा दिसली, तर आतला मजकूर बहुधा पुसला गेलेला असतो आणि दुरुस्तीला हाती काही उरत नाही. PK दिसलं तर बहुधा ती झिप फाइल असते, कुणीतरी नुसतं नाव बदललेलं.)

ड्राफ्ट्समनने फाइलची प्रत हार्ड डिस्कवर घेतली, रिकामं ड्रॉइंग उघडून RECOVER ही आज्ञा दिली आणि ती प्रत निवडली. ऑटोकॅडने एकेक वस्तू तपासली, जी जुळत नव्हती ती काढून टाकली आणि ड्रॉइंग उघडलं. इथे बरेच जण सुटकेचा निःश्वास टाकून प्रिंट काढतात. पण RECOVER 'fixed' म्हणतं तेव्हा कधीकधी त्याचा अर्थ 'वगळलं' असा असतो. या प्लॅनमधून जिना गायब होता.

आता मदतीला येणार होत्या दोनच गोष्टी. पहिली, दर दहा मिनिटांनी आपोआप होणारी सेव्ह, म्हणजे टेम्प फोल्डरमधली .sv$ फाइल. पण कॉम्प्युटर अडकतो म्हणून या पठ्ठ्याने ती कधीच बंद करून टाकली होती. दुसरी, मूळ फाइलशेजारची .bak, म्हणजे आधीच्या सेव्हची प्रत. ती प्रत्येक सेव्हला बदलते, त्यामुळे बिघडलेलं ड्रॉइंग त्याच नावाने दोनदा सेव्ह केलं की चांगली .bak हातची जाते. सुदैवाने त्याने तसं केलं नव्हतं. .bakची प्रत घेऊन तिला .dwg नाव दिलं. विंडोज एक्स्टेन्शन लपवत असेल तर आधी ते दिसतं करावं लागतं, नाहीतर नाव बदलूनही फाइल .bak च राहते.

या प्रतीत जिना होता, पण संध्याकाळचे बदल नव्हते. मग जिना निवडून Ctrl+C आणि दुरुस्त ड्रॉइंगमध्ये PASTEORIG. या आज्ञेने वस्तू मूळच्याच जागी बसते. शेवटी AUDIT चालवलं, नव्या नावाने सेव्ह केलं. साडेअकरा वाजता प्रिंट निघाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी SAVETIME पुन्हा १० वर आलं.